स्टोरी नणंदा बघतात, नवऱ्या मुली कुठं आहेत?

*ताई, मी घरी आरी वर्कचे ब्लाउज करते. इन्स्टाग्रामवर साडेअकराशे फॉलोअर आहेत. रोज स्टोरी टाकते, तीच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला पण. स्टोरी दोनशे-सव्वादोनशे जण बघतात, पोस्टला मात्र तीस-पस्तीस लाइक. म्हणून दोन महिने झाले, पोस्ट टाकणंच सोडून दिलं. पण बघणाऱ्यांची यादी काढली की नणंदा, मावश्या, शेजारणी, नाहीतर आमच्याच भागातल्या दुसऱ्या ब्लाउजवाल्या. नवीन गिऱ्हाईक येत नाही. हायलाइट्स पण भरपूर केलेत, तरी जी ती विचारते, "रेट काय?" मैत्रीण म्हणते अकाउंट बिझनेसचं कर, सगळे आकडे दिसतात. करू का? आणि माझं नक्की चुकतंय कुठं?*

*— एक वाचक, विश्रामबाग, सांगली*

पोस्ट बंद करायला नको होत्या, हे आधी सांगते. ज्या दोन आकड्यांवरून तुम्ही ते ठरवलंत ते एकमेकांशी ताडून बघण्यासारखे नाहीत. स्टोरीखालचा आकडा सांगतो ती किती जणांच्या स्क्रीनवर उघडली. आणि ती पुष्कळदा आपोआप उघडते. कुणी भाचीची स्टोरी बघत असते, ती संपते, पाठोपाठ तुमची सुरू होते, आणि अंगठ्यानं पुढं ढकलायच्या आत तुमच्या यादीत तिचं नाव लागलेलं असतं. लाइक करायला मात्र थांबावं लागतं. पस्तीस लाइकच्या मागं तो फोटो नुसता बघून गेलेल्या किती होत्या, हा आकडा वेगळाच असतो आणि लाइकच्या कितीतरी पट असतो. ताडायचंच असेल तर बघणाऱ्यांशी बघणारे ताडा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ह्या दोन गोष्टी बघणारी माणसंच वेगळी आहेत. इन्स्टाग्राम उघडल्यावर वरच्या बाजूला जे गोल दिसतात, ते आपण ज्यांना फॉलो करतो त्यांचेच असतात. म्हणजे तुमचा गोल दिसतो तो तुमच्या साडेअकराशेंपैकीच कुणाला तरी. त्यातही तो रांगेत कितवा लागायचा हे इन्स्टाग्राम ठरवतं. ती बाई तुमच्या स्टोऱ्या किती नेमानं बघते, त्यांना उत्तर देते का, तुमचं एकमेकींशी नातं किती जवळचं दिसतं, असं बघून ते ठरतं, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं आहे. आता सांगा, ह्या हिशेबात नणंद पहिली येणार की जयसिंगपूरची कधीतरी फॉलो करून विसरलेली मुलगी? यादीत घरचीच माणसं दिसतात याला तुमच्या कामाचा दर्जा कारण नाही. स्टोरीची रचनाच ओळखीतल्यांसाठी आहे. जिला तुम्ही माहीतच नाही, तिच्यासमोर तुमची स्टोरी सहसा येतच नाही.

पोस्टचं तसं नाही. फोटो असो की रील, ती फॉलो न करणाऱ्यांनाही सुचवली जाऊ शकते, शोधल्यावर सापडू शकते, मैत्रिणीला पाठवता येते, पुढच्या लग्नसराईसाठी सेव्ह करून ठेवता येते. दोन महिने तुम्ही पोस्ट टाकली नाहीत, म्हणजे अनोळखी मुलगी ज्या दारानं आत आली असती तेच दार दोन महिने बंद होतं. नवीन गिऱ्हाईक का आलं नाही, याचं एवढंच उत्तर असेल असं म्हणत नाही, पण मोठं उत्तर हेच आहे.

ओळखीबाहेर जाणारी एक स्टोरी मात्र असते, ती तुमची नसते, गिऱ्हाइकाची असते. नवरीनं तुमचा ब्लाउज घालून काढलेला फोटो तिच्या स्टोरीला टाकला आणि त्यात तुमच्या अकाउंटचं नाव मेन्शन केलं, की ती तिच्या मैत्रिणींसमोर जाते, आणि त्यातल्या चार-दोघींचं लग्न पुढच्या वर्षीच असतं. तुम्हाला त्याचा मेसेज येतो, त्यातून ती तुमच्या स्टोरीला परत लावता येते. परत लावलीत तर ती पुन्हा तुमच्याच माणसांना दिसणार, खरा फायदा तिच्या बाजूला झालेला असतो. म्हणून ब्लाउज हातात देतानाच सांगा, "फोटो टाकशील तेव्हा माझं नाव लाव गं." चोवीस तासांत ती स्टोरी जाईल. तोवर बघून जिला आवडलं ती तुमच्या प्रोफाइलवर येईल, आणि तिथं काय सापडतं यावर पुढचं सगळं. दोन महिन्यांपूर्वीची शेवटची पोस्ट बघून "यांचं काम बंद झालं वाटतं" असं तिला वाटू नये.

आता व्हॉट्सअ‍ॅप. तिथली गोष्ट आणखी सरळ आहे आणि बहुतेक जणींच्या लक्षात येत नाही. स्टेटस दिसायला दोन्हीकडून नंबर सेव्ह असावा लागतो. इन्स्टाग्रामवरून आलेली मिरजेची मुलगी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करते, मापं पाठवते, ब्लाउज घेऊन जाते. तिनं तुमचा नंबर 'आरीवाल्या ताई' म्हणून सेव्ह केलेला असतो. तुम्ही तिचा केलात का? नसेल, तर तुमचं एकही स्टेटस तिला दिसलेलं नाही. तुमच्या फोनमध्ये सेव्ह कोण? सासरचे, माहेरचे, शाळेच्या ग्रुपमधल्या आया. मग बघणारे दुसरे कोण असणार!

तेव्हा एक दुपार काढून जुन्या चॅटमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर सेव्ह करा. नावाच्या आधी 'ब्लाउज' लिहा म्हणजे सगळी नावं एकाखाली एक येतील: ब्लाउज मिरज अमुक, ब्लाउज कुपवाड तमुक. तिलाही सांगा, "माझा नंबर सेव्ह कर, नवीन डिझाइन स्टेटसला असतात." मग स्टेटसच्या प्रायव्हसीत जाऊन, ठरावीक जणांनाच दाखवायचा पर्याय असतो, त्यात ही 'ब्लाउज' यादी निवडा. कामाचं स्टेटस त्यांना, हळदीकुंकवाचं सगळ्यांना. बदल केल्यावर तो पुढच्या स्टेटसपासून लागू होतो, आधी टाकलेल्याला नाही. आणि ज्यांनी निळ्या टिकांची सोय बंद ठेवली आहे त्यांनी स्टेटस बघितलं तरी यादीत नाव येत नाही. तुम्ही स्वतः ती बंद ठेवली असेल तर तुम्हाला कुणाचंच दिसणार नाही. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी कधीच पूर्ण नसते. यापलीकडे स्टेटसचा काही हिशेब तिथं मिळत नाही.

रेटचं बोलू. हायलाइट्स भरपूर असणं हेच इथं अडचणीचं होतं. 2017 च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामनं ही सोय आणली, तोवर स्टोरी गेली की गेली. तेव्हापासून स्टोरी आपोआप आर्काइव्हमध्ये जमा होते, म्हणजे सेटिंगमध्ये ते चालू असेल तर, आणि तिथून उचलून प्रोफाइलवरच्या गोलात ठेवता येते. पण हे गोल कसे लागतात ते बघा. ज्यात शेवटची भर घातली तो सगळ्यात डावीकडे येतो. तुम्ही रोज 'डिझाइन'मध्ये भर घालत असाल, आज 'नेट वर्क'मध्ये, काल 'हॅपी कस्टमर'मध्ये, तर सहा महिन्यांपूर्वी केलेला 'रेट' उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनच्या बाहेर गेलेला असतो. एका वेळी चार-पाचच गोल दिसतात. बाजूला सरकवून बघायचे कष्ट कुणी घेत नाही, त्यापेक्षा "रेट काय?" असं टाइप करणं सोपं.

दुसरी खोच गोलाच्या आत आहे. तो उघडला की सगळ्यात जुनी स्टोरी आधी लागते. तुम्ही दोनदा रेट वाढवले असतील आणि दर वेळी नवीन स्टोरी त्याच गोलात घातली असेल, तर गिऱ्हाईक आधी जुना रेट बघतं, तोच डोक्यात ठेवतं आणि नंतर घासाघीस करतं. जुनी काढून टाका. हायलाइटमधून काढली तरी आर्काइव्हमध्ये ती राहते, त्यामुळे जीव अडकवून ठेवायचं कारण नाही. आर्काइव्हमधूनच पुसली तर मात्र दोन्हीकडून जाते.

माझ्या मते चार गोल पुष्कळ झाले: रेट, माप, काम, ऑर्डर. नावं अशीच छोटी. बदामाचं चित्र किंवा 'वर्क 1', 'वर्क 2' यातून काही कळत नाही, आणि लांब नाव कापलं जातं. रेटच्या गोलात तीन स्टोऱ्या ठेवा: साधी बॉर्डर, गळा आणि बाही, नवरीचं भरगच्च काम. एकीत सगळं कोंबू नका. फोटोची स्टोरी काही सेकंदांत पुढं जाते आणि बोट दाबून धरून वाचणाऱ्या थोड्या असतात. मजकूर मधोमध लिहा. अगदी वर तुमचं अकाउंटचं नाव येतं, अगदी खाली मेसेजची चौकट, तिथले आकडे झाकले जातात. आणि महिन्यातून एकदा त्या गोलात एक ताजी स्टोरी घालून जुनी काढा, म्हणजे तो आपोआप डावीकडे येईल.

त्यातल्या त्यात पक्का उपाय मात्र पोस्टचाच आहे. प्रोफाइलवर तीन पोस्ट सगळ्यात वर टाचून ठेवता येतात, त्याला पिन करणं म्हणतात. तुमच्या सगळ्यात देखण्या ब्लाउजची एक पोस्ट करा आणि रेट फोटोवर न लिहिता खालच्या कॅप्शनमध्ये लिहा. कॅप्शन पुढं कधीही बदलता येतं. फोटो एकदा टाकला की बदलत नाही, स्टोरीवरचा मजकूर तर मुळीच नाही. जरदोसी महागली, रेट वाढला, तर पोस्ट तीच राहील, तिचे लाइक तेच राहतील, फक्त आकडा बदलेल. कुणी विचारलं की तीच पोस्ट मेसेजमध्ये पाठवा. त्याच कॅप्शनमध्ये 'आरी वर्क ब्लाउज, सांगली' हे शब्द मराठीत लिहा आणि इंग्रजी अक्षरांतही लिहा, कारण शोधताना बहुतेक जणी तसंच टाइप करतात. एकच अडचण आहे, कॅप्शनमधली लिंक दाबली तर उघडत नाही. लिंक लावायची जागा म्हणजे बायो आणि स्टोरीतलं लिंक स्टिकर. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक https://wa.me/91 आणि त्याला लागून तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये जागा न सोडता, अशी तयार होते. ऑर्डरच्या हायलाइटमध्ये हे स्टिकर असलेली स्टोरी ठेवलीत तर चोवीस तासांनंतरही ती लिंक चालते.

आता मैत्रिणीचा सल्ला. अकाउंट बदला, पैसे लागत नाहीत. पण तीन गोष्टी माहीत असू द्या. प्रोफेशनल अकाउंट, म्हणजे बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारचं, खासगी ठेवता येत नाही, ते सगळ्यांना उघडं असतं. आकडे बदलल्या दिवसापासूनचे मिळतात, मागच्या पोस्टचे नाही, आणि नंतर परत साध्या अकाउंटवर आलात तर तेही जातात. बिझनेस प्रकार निवडला तर सिनेमाची बरीच गाणी स्टोरीला लावता येत नाहीत. तुमच्या स्टोऱ्यांना गाणी असणारच, तेव्हा क्रिएटर प्रकार घ्या. आकडे त्यातही दिसतात.

आणि आकडे मिळाल्यावर ते वाचायचे कसे, हे एक उदाहरण घेऊन सांगते. आकडे माझ्या मनातले आहेत, पण चित्र असंच दिसतं. समजा एका संध्याकाळी तुम्ही लागोपाठ पाच स्टोऱ्या टाकल्यात: पूर्ण ब्लाउज, सुई चालतानाचा जवळून व्हिडिओ, पाठीचा गळा, बारीक अक्षरात सगळे रेट, आणि शेवटी ऑर्डरची लिंक. किती अकाउंटपर्यंत पोचल्या ते असं आलं: 218, 204, 196, 190 आणि 118. घसरण पाचवीवर दिसते, म्हणून आपल्याला वाटतं लिंकची स्टोरी कुणाला आवडली नाही. पण पाचवी त्या बहात्तर जणींनी बघितलीच नाही. त्या चौथीवरून निघून गेल्या. घसरण दिसते एक घर पुढं, कारण असतं एक घर मागं. खात्री करायची तर चौथीचे आकडे उघडा. तिथं बाहेर पडलेल्या आणि दुसऱ्याच्या स्टोरीवर गेलेल्या किती हे वेगवेगळं दिलेलं असतं. तो आकडा बाकीच्या चौघींपेक्षा ठळकपणे मोठा असेल, तर तो बारीक अक्षरातला मजकूर बघूनच मंडळी पळाली.

मागं जाण्याचंही तसंच. समजा तिसऱ्या स्टोरीच्या आकड्यांत 'बॅक' 27 दिसले. म्हणजे तिसरी आवडली असं नव्हे. तिसरीवर आलेल्यांनी मागं जाऊन दुसरी पुन्हा बघितली. सुईचा व्हिडिओ होता तो. चोवीस तासांत गेला असता, तो आता रील म्हणून कायमचा टाकायचा, हे ह्या 27 नं सांगितलं. स्टोरीचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. घरच्या माणसांवर आधी चालवून बघायचं, त्यांना जे परत बघावंसं वाटलं ते पोस्ट करायचं. नणंदा एवढ्या उपयोगाला येतातच.

'फॉरवर्ड'च्या आकड्यानं मात्र घाबरू नका. पुढं ढकलणं ही सवय आहे, तो आकडा सगळ्यांचाच मोठा असतो. आणि ह्या उदाहरणात ऑर्डरची लिंक पाचव्या जागी होती हेच चुकलं. ती दुसरीवर ठेवली असती तर 204 जणींसमोर गेली असती.

पोस्टच्या आकड्यांत तुम्ही दोनच बघा. एक, बघणाऱ्यांत फॉलोअर नसलेल्या किती. दोन, सेव्ह किती आणि पुढं पाठवलेल्या किती. ब्लाउजच्या धंद्यात सेव्ह म्हणजे "शिंप्याला दाखवायला ठेवते" किंवा "माझ्या लग्नाला असाच" यापैकी काहीतरी असतं. पस्तीस लाइक आणि वीस सेव्ह असलेली पोस्ट शंभर लाइक आणि दोन सेव्हवालीपेक्षा कामाची. एका पोस्टवरून निष्कर्ष काढू नका. तुमच्याएवढ्या अकाउंटला एखादी मोठी आत्या गावाला गेली तरी आकडा हलतो, तेव्हा महिनाभराच्या पोस्ट एकत्र बघा.

हायलाइट कोण बघतं हे मात्र कळायचं नाही. स्टोरी बघणाऱ्यांची नावं टाकल्यापासून अठ्ठेचाळीस तासच दिसतात. पहिला दिवस संपल्यावरही आर्काइव्हमध्ये जाऊन ती बघता येतात, त्यानंतर नाही. त्यामुळे रेटचा गोल उपयोगी पडतोय का, याची परीक्षा दुसरीकडे घ्यायची. "रेट काय?" असे मेसेज आठवड्याला किती येतात ते मोजा, गोल नीट लावल्यावर पुन्हा मोजा. "रेट बघितला, माझं माप असं असं आहे" अशी सुरुवात होऊ लागली की समजा जमलं. यादीत सगळ्यात वर जिचं नाव ती सारखी येऊन बघते, असलं काही मात्र मनात आणू नका. त्यावरून घरात वाद झालेले मी पत्रांतून वाचलेत.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण घरून काम करता म्हणून सांगते. पूर्ण पत्ता हायलाइटमध्ये ठेवू नका. स्टोरीत तो एक दिवस असतो, हायलाइटमध्ये वर्षानुवर्षं कुणालाही दिसतो. 'विश्रामबाग, सांगली' एवढं पुरे, ऑर्डर पक्की झाली की लोकेशन मेसेजनं पाठवा. आणि नवरीचा ब्लाउज लग्नाआधी स्टोरीलासुद्धा टाकू नका. चोवीस तासांत जाते म्हणून काही बिघडत नाही असं वाटतं, पण स्क्रीनशॉट काढला तर तुम्हाला कळतही नाही, आणि नवरीच्या चुलतबहिणीनं तिच्याआधी तोच गळा शिवून घेतला तर बोल तुम्हाला. लग्न झाल्यावर तिला विचारून पोस्ट करा, चेहरा दाखवायचा की नाही तेही विचारा.

राहिल्या तुमच्या भागातल्या ब्लाउजवाल्या. कुणापासून स्टोरी लपवायची सोय आहे, पण तुमचं अकाउंट उघडं आहे, ती मुलीच्या फोनवरून बघेल. लपवत बसू नका. ज्या डिझाइनची खरंच काळजी वाटते त्याची सुई चालतानाची स्टोरी टाकू नका, पूर्ण झालेल्या कामाची पोस्ट टाका. तिच्यावर तारीख असते, आणि आधी कुणी केलं हे गिऱ्हाइकाला दाखवायची वेळ आली तर ती उघडून दाखवता येते.